पिवळी शीट, रंगीत काचा आणि वाचन : मुलासाठी घ्याव्यात का?

मीनल_लेस्टर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. मुलगा आठ वर्षांचा, इथे इंग्लंडमध्ये इयर फोरला आहे. वाचन खूप मागे. ओळखीचे शब्द वाचतो पण नवीन शब्द आला की पहिलं अक्षर बघून काहीतरी ठोकून देतो, 'हाऊस' असेल तर 'हॉर्स' असं. शाळेच्या सेन्को मॅडमनी, म्हणजे शिकण्यात जास्त मदत लागणाऱ्या मुलांकडे बघणाऱ्या शिक्षिकेने, मागच्या महिन्यात त्याला रंगीत प्लास्टिकच्या शीट्स पानावर ठेवून वाचायला लावलं, एकेक करत सगळे रंग दाखवले, त्याला पिवळा आवडला. मग एक मिनिटाची टेस्ट घेतली, शीटशिवाय ५८ शब्द आणि पिवळ्या शीटने ६५. म्हणजे १२ टक्के फरक, त्यामुळे "ही हॅज व्हिज्युअल स्ट्रेस", म्हणजे छपाई बघताना त्याला त्रास होतो, असं लिहून दिलं आणि शीट दप्तरात दिली.

आता चष्म्याच्या दुकानात गेलो तर ते म्हणाले शीट ही तात्पुरती गोष्ट, खरा उपाय म्हणजे मशीनवर रंग काढून तसा टिंटेड चष्मा करायचा. सगळं मिळून साडेतीनशे पाउंड. पैशांचं बघता येईल पण आमचे हे म्हणतात की आधी खात्री कर. सांगलीहून सासूबाई रोज विचारतात चष्मा केला का. लेक स्वतः म्हणतो की पिवळ्याने बरं वाटतं. कोणाला अनुभव आहे का, आणि यावर खरंच काही अभ्यास झालाय का?

नितीन_कोथरूड

आमच्या मुलीला पण घेतला हो. ब्लू कट, अँटी ग्लेअर. मोबाईल, ऑनलाइन क्लास यामुळे डोळे दुखायचे ते थांबले. बाराशेत झाला. साडेतीनशे पाउंड म्हणजे लूट आहे, पुण्यातून मागवा.

मीनल_लेस्टर

नितीन, ते स्क्रीनसाठीचं वेगळं ना? इथे कागदावरच्या पुस्तकाचा प्रश्न आहे आणि पूर्ण रंगीत काचा, पिवळ्या, गुलाबी अशा.

राजस

डिस्लेक्सियात मुलांना अक्षरं उलटी दिसतात, बी चा डी होतो, अक्षरं नाचतात. म्हणजे मुळात गडबड डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये आहे. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं हा फार तीव्र कॉन्ट्रास्ट असतो, रंगाने तो कमी होतो आणि अक्षरं स्थिर होतात. लॉजिकल आहे. इथे अमेरिकेत तर हे चाळीस वर्षं चालू आहे, हेलन अर्लेन म्हणून सायकॉलॉजिस्ट आहेत कॅलिफोर्नियात, त्यांनी शोधलं, टीव्हीवर कार्यक्रम पण झाला होता. एवढी वर्षं टिकलंय म्हणजे काहीतरी तथ्य असणारच. मी म्हणेन घेऊन टाका, नुकसान तर नाही.

अक्षय_ऑप्टोम

मीनलताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, आधी नाशिकला आणि आता बर्मिंगहॅमला, त्यामुळे या शीट्स रोज बघतो. जरा लांब लिहितोय.

राजस यांनी इतिहास बरोबर सांगितलाय. न्यूझीलंडमध्ये ऑलिव्ह मीअर्स नावाच्या शिक्षिकेने १९८० मध्ये लिहिलं की काही मुलांना पांढऱ्या पानावरची छपाई त्रास देते, आणि १९८३ मध्ये अर्लेनबाईंनी अमेरिकेत रंगीत काचांचा उपाय मांडला. नंतर ब्रिटनमध्ये अर्नॉल्ड विल्किन्स यांनी त्याला जरा शास्त्रीय बैठक द्यायचा प्रयत्न केला. ते फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सीवर काम करायचे, म्हणजे चमकणाऱ्या दिव्याने किंवा पट्ट्यापट्ट्यांच्या डिझाइनने फिट येते ती. छापलेल्या ओळी म्हणजेही पट्टेच, काही लोकांचा मेंदू त्याने उगाच उत्तेजित होतो आणि रंगाने ते शांत होतं अशी त्यांची मांडणी. दुकानातलं ते रंग काढायचं मशीन म्हणजे कलरीमीटर, तेही त्यांचंच, आणि शाळेने घेतलेली एक मिनिटाची टेस्टसुद्धा.

ती टेस्ट कशी असते हे इथे महत्त्वाचं आहे. पंधरा साधे शब्द, कम, सी, द, प्ले, लुक, कॅट, डॉग असे, दर ओळीत तेच पंधरा पण क्रम बदललेला, वाक्य नाही, अर्थ नाही. मुलाने मिनिटभर मोठ्याने वाचायचं. हे मुद्दाम असं केलंय, कारण त्यांना वाचनकौशल्य मोजायचंच नव्हतं, फक्त डोळ्यांना किती सहज जातं ते बघायचं होतं. म्हणजे तुमच्या मुलाची खरी अडचण, नवीन शब्द आला की अंदाज ठोकणं, ही त्या टेस्टमध्ये येतच नाही. त्यातले सगळे शब्द त्याला आधीच येतात.

दुसरं म्हणजे ५८ आणि ६५. आधी शीटशिवाय वाचलं, मग शीटने, बरोबर? म्हणजे दुसऱ्यांदा वाचताना ते पंधरा शब्द तोंडात बसलेले होते. शिवाय सगळे रंग दाखवून त्यातला आवडलेला निवडला, आणि मॅडम "बघ आता कसं वाटतं" म्हणून उत्सुकतेने बघतायत. आठ वर्षांचा मुलगा दुसऱ्या वेळी जोर लावतोच. सुरुवातीला या टेस्टमध्ये ५ टक्के वाढ झाली तरी शीट उपयोगी मानायचे, मग तेवढा फरक असाच होतो हे लक्षात आल्यावर खुद्द विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १५ टक्के असा जास्त कडक निकष सुचवला. तुमचे १२ त्यात बसत नाहीत.

राहिला अभ्यास. माझ्या मते सगळ्यात नीट केलेला एडिनबरा विद्यापीठाचा, २०११ मध्ये पीडियाट्रिक्स या जर्नलमध्ये आलेला. वाचनात मागे असलेली ७ ते १२ वयाची ६१ मुलं घेतली. अर्लेन पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडूनच त्यांची तपासणी करवली, म्हणजे "तुम्ही चुकीच्या मुलांवर प्रयोग केला" असं कुणी म्हणू नये. त्या तज्ज्ञाने ६१ पैकी ४७ मुलांना, म्हणजे ७७ टक्क्यांना, अर्लेन सिंड्रोम, म्हणजे तुमच्या शाळेने ज्याला व्हिज्युअल स्ट्रेस म्हटलं तेच, आहे असं सांगून प्रत्येकाचा रंग ठरवून दिला. मग त्या मुलांना तीन शीट्सने वाचायला लावलं, ठरवून दिलेला रंग, कुठलातरी दुसराच रंग, आणि साधी पारदर्शक शीट. क्रम मुलागणिक बदलला. आणि तपासणाऱ्या माणसाला कुठल्या मुलाचा रंग कुठला हे माहीत नव्हतं. निकाल? तिन्हीत फरक नाही. सलग उतारा वाचायच्या टेस्टमध्येही नाही. वर्षभराने परत बघितलं तरी शीट वापरणारी मुलं पुढे गेलेली नव्हती.

आकड्यांपेक्षा मला ती पारदर्शक शीट फार महत्त्वाची वाटते. तुमच्या शाळेने 'शीट नाही' आणि 'पिवळी शीट' यांची तुलना केली. पानावर काहीतरी खास ठेवलंय यानेच मूल वेगळं वागतं. त्यामुळे पिवळ्या रंगाचं काम बघायचं तर तुलना बिनरंगी शीटशीच हवी.

राजस

पण अर्लेनवाले म्हणतात की शीट हा फक्त स्क्रीनिंगचा भाग, खरा परिणाम काचांचा. काच कशी, प्रत्येकाच्या अचूक शेडची असते. मग शीटवर प्रयोग करून काचांना नापास कसं करणार? आणि एका अभ्यासावरून निकाल लावायचा?

अक्षय_ऑप्टोम

रास्त प्रश्न आहे, आणि काचांवरही प्रयोग झालाय. विल्किन्स यांनीच १९९४ मध्ये केला होता, आणि हुशारीने. ६८ मुलं घेतली, सगळी आधीपासून शीट वापरणारी. प्रत्येकाला दोन चष्मे, एक अचूक निघालेल्या रंगाचा आणि एक त्याच्या अगदी जवळच्या पण 'चुकीच्या' शेडचा. मुलाला कळत नव्हतं कुठला कुठला. एकेक महिना वापरून रोज डायरी लिहायची. अचूक रंगाच्या दिवसांत डोळे दुखणं, डोकं दुखणं थोडं कमी होतं असं डायऱ्यांतून निघालं. पण पुरेशा डायऱ्या लिहिल्या जेमतेम निम्म्या मुलांनी. आणि वाचन मात्र दोन्ही चष्म्यांत सारखंच राहिलं. म्हणजे जे ही पद्धत मांडत होते त्यांच्याच प्रयोगात वाचन सुधारलेलं दिसलं नाही.

एका अभ्यासाचं म्हणाल तर २०१६ मध्ये ब्रॅडफर्डच्या लोकांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. बहुतेकांत झाकपाक नीट नव्हती, मुलाला आणि तपासणाऱ्याला रंग माहीत होता, आणि जिथे हा दोष कमी तिथे फायदाही कमी दिसला. वाचनाच्या अडचणीसाठी शीट किंवा काचा सुचवता येणार नाहीत असं त्यांनी म्हटलं. त्याच वर्षी दुसरा एक आढावाही आला, तो या पद्धतीकडे जास्त सहानुभूतीने बघणारा होता, त्यामुळे आमच्या पेशात सगळे एकमताचे आहेत असं मी सांगणार नाही. पण अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र निवेदन काढून सांगितलंय की डिस्लेक्सियावर रंगीत काचांचा उपाय सिद्ध झालेला नाही.

आणि 'अक्षरं उलटी दिसतात' याबद्दल. बी-डी ची गल्लत सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक सगळीच मुलं करतात. ब्रिस्टलकडच्या ५८०० हून अधिक मुलांचे डोळे तपासून वाचनाशी ताडून बघितलेला अभ्यास २०१५ ला आला. ज्यांना वाचनात तीव्र अडचण होती अशा मुलांतल्या ८० टक्क्यांचे डोळे प्रत्येक टेस्टमध्ये ठणठणीत निघाले. गडबड डोळ्यांत असती तर हे असं दिसलं नसतं.

गौरी_ग

मला हे सगळं वाचून थोडं वाईट वाटतंय. मी चाळिशीची आहे, कॉलेजपासून मायग्रेन, ट्यूबलाइटखाली अर्धा तास वाचलं की ओळी एकमेकींत घुसायला लागतात, त्यांच्यामध्ये पांढऱ्या नद्या वाहताना दिसतात, मग मळमळ. चार वर्षांपूर्वी गुलाबीसर टिंटचा चष्मा केला आणि मी ऑफिसमध्ये दिवसभर बसू शकते. हे मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हटलं की संताप येतो. अक्षय, तुम्ही एक मिनिटाच्या टेस्टवर बोलताय, मला पहिल्या मिनिटाला कधीच त्रास झाला नाही. त्रास होतो तो विसाव्या मिनिटाला.

अक्षय_ऑप्टोम

गौरीताई, तुमचा त्रास खरा आहे आणि मायग्रेन असणाऱ्यांत उजेडाचा, पट्ट्यांचा त्रास चांगला नोंदवलेला आहे. एफएल-४१ नावाचा गुलाबी टिंट मायग्रेनवाल्यांना गेली तीसेक वर्षं देतातच. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्हाला वाचता येतं, फक्त वाचायचा त्रास होतो. मीनलताईंच्या मुलाला वाचता येत नाही. या दोन गोष्टींना एकच नाव देऊन एकच उपाय विकला जातो तिथे माझी हरकत आहे.

विसाव्या मिनिटाचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे, बहुतेक प्रयोग छोट्या वेळाचे आहेत. १९९४ च्या डायऱ्यांमध्ये आराम दिसला आणि वाचन वाढलं नाही, हे तुमच्या अनुभवाशी जुळतंच की.

सुधा_ठाणे

मीनल, मी वीस वर्षांहून जास्त काळ रेमेडियल टीचर आहे गं. शीटचं अक्षयने सांगितलंच, मी फक्त तुझ्या एका वाक्याबद्दल लिहिते, 'हाऊस' ला 'हॉर्स'. ते वाक्य वाचूनच मला कळलं हा डोळ्यांचा खेळ नाही. जर त्याला अक्षरं दिसत नसती तर तो सुरुवातीचं आणि शेवटचं अक्षर बरोबर पकडून मधलं नेमकं चुकला नसता. मुलं जेव्हा अक्षरातून आवाज काढून ते जोडू शकत नाहीत तेव्हा पहिलं अक्षर आणि शब्दाचा आकार बघून ओळखीतला जवळचा शब्द टाकतात.

खात्री करायची तर आज संध्याकाळी एक कर. अर्थ नसलेले शब्द लिहून दे, जे त्याने कधी पाहिलेच नाहीत. इंग्रजीत ग्लिम, स्नोप, व्हिब, थ्रास्क असे काही. ओळखीचा शब्द नाही म्हणजे अंदाज लावायला जागा नाही. आणि तुम्ही घरी मराठी वाचायला शिकवलं असेल तर मराठीत पण कर, कपळ, तिपूक, मोसाड, ग्रिटा. कपळ ला 'कमळ' म्हणाला तर तोच अंदाज चालू आहे. हे एकदा पिवळी शीट ठेवून आणि एकदा न ठेवता कर, वेगवेगळे शब्द घे.

मग कागद बाजूला ठेव आणि नुसतं तोंडी विचार, 'स्टॉप' मधला ट काढला तर काय उरतं? 'कमळ' मधला म काढला तर? इथे डोळ्यांचा संबंधच नाही. तरी तो अडखळला तर अडचण कुठे आहे ते तूच ठरव.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, त्याला आईने निळा चष्मा केला होता, खूप आवडायचा त्याला. मी कधी काढायला लावला नाही. पण चष्मा घातला म्हणून त्याला 'त्र' आणि 'र्त' मधला फरक कळला नाही, तो कळला आवाज तोडून-जोडून, जोडाक्षराचे तुकडे पुठ्ठ्यावर लावून, महिनोन्महिने.

पल्लवी_डोंबिवली

सुधाताई, थोडं अवांतर, माझी मुलगी नववीत आहे, एलडी म्हणजे लर्निंग डिसेबिलिटीचं सर्टिफिकेट काढायचंय बोर्डाच्या सवलतीसाठी. एका सेंटरवाल्याने सांगितलं की आधी रंगीत चष्म्याची टेस्ट करा, तो रिपोर्ट जोडला तर सर्टिफिकेट लवकर मिळतं. खरं आहे का?

सुधा_ठाणे

अजिबात नाही पल्लवी. सर्टिफिकेट मान्यताप्राप्त सरकारी किंवा पालिका हॉस्पिटलच्या एलडी क्लिनिकमधूनच घे, सायन, नायर, केईएम अशी. तिथे बुद्ध्यांक, वाचन-लेखन-गणिताची चाचणी, शाळेचा रिपोर्ट, डोळे-कान तपासणी असं बघतात. डोळ्यांची तपासणी म्हणजे साधी, नंबर आहे का ती. रंगीत चष्म्याच्या रिपोर्टला त्यात काही स्थान नाही. जास्तीचा वेळ, लेखनिक या सवलती सर्टिफिकेटवर मिळतात. क्लिनिकला तारखा लांबच्या मिळतात, म्हणून आत्ताच नाव घाल, नववीतच.

मीनल_लेस्टर

सगळ्यांचे खूप आभार. सुधाताई, तुमचं करून बघितलं. कपळ ला कमळ म्हणाला!! मोसाड ला 'मोसंबी'. इंग्रजीत स्नोप ला स्नो, थ्रास्क ला तर सरळ ट्रक. पिवळी शीट ठेवली तरी तसंच. तोंडी 'स्टॉप' मधला ट काढ म्हटलं तर 'टॉप' म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

पण शाळेत मीटिंग आहे आणि सेन्को मॅडम आकडे दाखवणार, ५८ आणि ६५. मी घरून माझे आकडे घेऊन जाऊ का? अक्षय, ती टेस्ट घरी नीट कशी घ्यायची?

अक्षय_ऑप्टोम

घ्या की. त्याला पक्के येणारे पंधरा छोटे शब्द घ्या, दर ओळीत उलटसुलट, दहा ओळींचं एक पान. प्रत्येक वाचनाला नवीन पान पाहिजे, पाठ होऊ नये म्हणून. तीन शीट्स, पिवळी, निळी आणि साधी पारदर्शक, फाइल कव्हरचं प्लास्टिक चालेल. त्याला सांगा की तिन्ही वेगवेगळ्या प्रकारच्या रीडिंग शीट्स आहेत, कुठली चांगली ते आपण शोधतोय. 'आता तुझी पिवळी' असं म्हणू नका.

क्रम आधीच लिहून ठेवा आणि जाताना-येताना उलटा करा. एका दिवशी पारदर्शक, पिवळी, निळी, मग निळी, पिवळी, पारदर्शक. असं केलं की सरावाचा फायदा आणि दमण्याचा तोटा तिघींना सारखा वाटला जातो. दुसऱ्या दिवशी पिवळीने सुरू करा. मिनिटाचा ऑडिओ रेकॉर्ड करा, आणि मोजायचं काम तुमच्या यजमानांना द्या, त्यांना कुठलं रेकॉर्डिंग कुठल्या शीटचं ते सांगू नका. बरोबर वाचलेले शब्द तेवढे मोजायचे.

मीनल_लेस्टर

झालं, शनिवारी आणि रविवारी घेतलं. ह्यांनी हेडफोन लावून मोजलं, मी क्रम लपवून ठेवला होता. ज्या क्रमाने वाचलं तसेच देते.

शनिवार : पारदर्शक ५९, पिवळी ६३, निळी ६६, निळी ६७, पिवळी ६४, पारदर्शक ६८.
रविवार : पिवळी ६५, निळी ६३, पारदर्शक ७०, पारदर्शक ६६, निळी ६८, पिवळी ६९.

मला यातून नक्की काय काढायचं ते सांगा. लेकाला विचारलं कुठली बेस्ट तर म्हणाला पिवळी, "दॅट्स माइन".

अक्षय_ऑप्टोम

छान घेतलंत. सरासरी काढली तर पिवळी ६५.२५, पारदर्शक ६५.७५, निळी ६६. म्हणजे एकसारख्याच.

पण मीटिंगला जाताना सरासरीपेक्षा पारदर्शकचे चार आकडे दाखवा. ५९, ६८, ७०, ६६. एकच रंगहीन शीट, तोच मुलगा, आणि ५९ ते ७० म्हणजे जवळजवळ १९ टक्क्यांचा फरक. समजा शनिवारी पहिली पारदर्शक घेतली आणि मग एकदाच निळी, तर ५९ आणि ६६ दिसले असते, पुन्हा तेच १२ टक्के, आणि आपण निळा चष्मा करायला निघालो असतो. शाळेचा फरक या चढउतारातच बसतो. त्यांचं चुकलं असं म्हणू नका, त्यांना तशीच टेस्ट शिकवलेली असते. एवढंच विचारा की बिनरंगी शीट ठेवून, क्रम बदलून परत घ्याल का.

मर्यादा पण सांगतो. दोन-तीन टक्क्यांचा खरा फरक असेल तर तो एवढ्या वाचनांतून दिसणार नाही. गौरीताई म्हणतात तसं विसाव्या मिनिटाचं यातून काही कळत नाही. पण साडेतीनशे पाउंड घालून मुलाचं वाचन सुधारेल असं मानायला यात आधार नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

आणि डोळे मात्र एकदा नीट तपासा, रंगासाठी नाही. सोळाखालच्या मुलांची तपासणी एनएचएसवर फुकट आहे. विशेषतः प्लस नंबर. लांबचा बोर्ड मूल झकास वाचतं, त्यामुळे तो सुटतो, आणि जवळचं वाचताना डोळ्यांवर ताण येतो. थेंब घालून तपासा म्हणावं. तसंच दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळतात का ते बघायला सांगा. काही निघालं तर उपचार करायचेच, डोळ्यांना आराम पडेल. पण त्यानेही वाचन आपोआप सुधारेल असं धरून चालू नका. डोळे वळवण्याच्या व्यायामांवर अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, २०१९ मध्ये आला, डोळे सुधारले पण वाचलेलं समजणं खोट्या व्यायामांपेक्षा जास्त वाढलं नाही.

राजस

आकडे बघून पटतंय. तरी एक राहतंच. मुलगा म्हणतोय बरं वाटतं, तर शीट काढून का घ्यायची? प्लासिबो असला तरी पुस्तक उघडतोय ना तो. शीट चार-पाच पाउंडांची.

सुधा_ठाणे

काढून कुणी घेत नाहीये रे. राहू दे की दप्तरात. मला भीती दुसरी वाटते. शाळेच्या फाइलमध्ये 'शीट दिली' असं लिहिलं जातं आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. मग जे खरं करायला हवं, आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा तास बसून आवाज-अक्षर पक्कं करणं, ते मागे पडतं. माझ्याकडे मुलं पाचवी-सहावीत येतात तेव्हा त्यांच्या दप्तरात चष्मा असतो, शीट असते, डोळ्यांच्या व्यायामाचं पुस्तक असतं, आणि बाराखडीतला इ-ई चा आवाज अजून पक्का नसतो. ती मधली दोन वर्षं परत कुठून आणायची?

आणि मुलाला हळूहळू वाटायला लागतं की मी वाचू शकतो ते शीटमुळे. शीट घरी विसरला की परीक्षेत हातपाय गाळतो. हे मी बघितलंय.

मीनल, मीटिंगमध्ये ते निरर्थक शब्द घेऊन जा, त्याने जे म्हटलं ते लिहून. आणि विचार की फोनिक्समध्ये तो नेमका कुठे अडकलाय. तिकडे पहिलीलाच स्क्रीनिंग चेक असतो ना, त्यातही खोटे शब्द असतात, त्याचा जुना निकाल मागून घे. स्वर एकत्र आले की, 'हाऊस' मधला ओ-यू किंवा 'रेन' मधला ए-आय, तिथे चुकतो का ते बघायला सांग. बहुतेक तिथूनच सुरुवात करावी लागेल.

गौरी_ग

सुधाताईंचं पटलं. पण शाळांनी सगळ्या शीट्स बंद केल्या तर माझ्यासारखी एखादी मुलगी, जिला वाचता येतं पण डोकं ठणकतं, तिचं काय? लहानपणी मला कुणी विचारलंच नव्हतं.

अक्षय_ऑप्टोम

विचारायला हवं, फक्त प्रश्न कसा विचारायचा ते महत्त्वाचं. "अक्षरं हलतात का, नाचतात का, धूसर होतात का" असं यादी वाचून विचारलं की मुलं हो म्हणतात, विशेषतः ज्यांना वाचन आवडत नाही ती. "वाचताना काय होतं ते सांग" एवढंच विचारावं आणि थांबावं. तुमच्यासारखी असेल ती डोकेदुखी सांगेल, ट्यूबलाइट सांगेल, आणि तिला डॉक्टरकडे मायग्रेनसाठी पाठवावं. त्यातल्या कुणाला रंगाचा कायम फायदा होतो आणि कुणाला नाही, हे आधी ओळखायची खात्रीची टेस्ट आज आमच्याकडे नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना कलरीमीटरने ते कळतं असं वाटतं, मला तो पुरावा पुरेसा वाटत नाही.

मीनल_लेस्टर

मीटिंग झाली. सेन्को मॅडम चांगल्या वागल्या, आकडे नीट बघितले, म्हणाल्या पारदर्शक शीटने परत घेऊ. पहिलीच्या फोनिक्स चेकचा निकाल काढला, खोट्या शब्दांत तो तेव्हाच बराच पडला होता, आम्हाला नुसतं 'वर्किंग टुवर्ड्स' कळवलं होतं. आता आठवड्यातून चार दिवस एक टीए, म्हणजे वर्गातली मदतनीस, त्याला बाजूला घेऊन ओ-यू, ए-आय वरच काम करणार आहे. चष्म्याच्या दुकानाला नाही म्हटलं. थेंब घालून तपासणीची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली मिळालीये. शीट दप्तरातच आहे.

सुधाताई, एक विचारायचं होतं, शाळेत इंग्रजी फोनिक्स चालू असताना घरी मराठीचं वाचन थांबवू का? सासूबाई म्हणतात चालू ठेव, इथली एक मैत्रीण म्हणते गोंधळ होईल.

सुधा_ठाणे

थांबवू नकोस. मराठीत अक्षर आणि आवाज बरेच सरळ जुळतात, तिथे त्याला 'जमलं' असं लवकर वाटेल. रोज दहा मिनिटं, फक्त काना-मात्रा नसलेले तीन अक्षरी शब्द, त्यात दोन-तीन निरर्थक मिसळ म्हणजे अंदाज लावता येणार नाही. जोडाक्षरांकडे इतक्यात जाऊ नकोस. आणि ओळखीच्या गोष्टींची पुस्तकं तू वाचून दाखव, ती त्याच्याकडून वाचून घेऊ नकोस सध्या.